मार्चचा भरणा, एप्रिलची जमा

मार्चचा शेवटचा आठवडा आला की बँकेच्या आणि पोस्टाच्या काउंटरवर एक ठरलेली तक्रार ऐकू येते. बचत खात्यातून पैसे 30 मार्चला गेले, मेसेजही आला. पीपीएफच्या पासबुकात मात्र नोंद पडली 2 एप्रिलची. भरणारा घाबरतो तो मुख्यतः एकाच गोष्टीने: वर्ष उलटले, म्हणजे सरत्या वर्षाचे व्याज बुडाले.

ते बुडत नाही. पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, या योजनेत 30 मार्चला भरलेल्या रकमेवर सरत्या वर्षाचे व्याज मिळतच नाही, मग ती त्याच दिवशी जमा होवो की तीन दिवसांनी. उशिराच्या जमेने होणारे खरे नुकसान दुसरीकडे असते आणि कित्येकदा ते व्याजापेक्षा मोठे असते. ते वेळेवर लक्षात येत नाही, कारण खातेदार पासबुकातला व्याजाचा आकडा तपासतो, तो बरोबर निघतो आणि तपास तिथेच थांबतो. त्यामुळे उशिराची जमा कोणत्या गोष्टीला धक्का लावते आणि कोणत्या नाही, हे एकदा नीट मांडून पाहायला हवे.

पाच तारखेचा नियम

पीपीएफ 1968 पासून चालू आहे. आज तिचा कारभार डिसेंबर 2019 मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या योजनेनुसार चालतो, पण व्याजमोजणीचा गाभा जुनाच आहे. महिन्याची 5 तारीख संपल्यापासून महिना संपेपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचे व्याज धरले जाते. अशी बारा महिन्यांची व्याजे वेगवेगळी काढली जातात आणि त्यांची बेरीज वर्षाच्या शेवटी, 31 मार्चला, एकरकमी खात्यात पडते.

या नियमाचा अर्थ सरळ आहे. 5 तारखेपर्यंत जमा झालेली रक्कम त्या महिन्यात मोजली जाते. 6 तारखेला जमा झालेली रक्कम मोजली जात नाही, कारण 5 तारीख संपताना ती खात्यात नव्हती आणि सर्वांत कमी शिल्लक तिच्याविनाच ठरली. 6 मार्च ते 31 मार्च या सव्वीस दिवसांत कोणत्याही दिवशी पैसे भरले तरी त्यांवर मार्चचे व्याज शून्य. 5 एप्रिलपर्यंत ते खात्यात असले तर एप्रिलपासूनचे व्याज पूर्ण.

म्हणजे 30 मार्चला भरलेले पैसे 30 लाच जमा झाले, 2 एप्रिलला झाले किंवा 5 एप्रिलला झाले, व्याजाच्या दृष्टीने तिन्ही सारखेच. फरक पडतो तो 6 एप्रिलपासून. तोही एका महिन्याचाच, आणि सरत्या वर्षाचा नव्हे, नव्या वर्षाचा.

व्याजाचा दर दर तिमाहीला जाहीर होतो. 1 एप्रिल 2020 पासून पुढची कित्येक वर्षे तो 7.1 टक्क्यांवर स्थिर राहिला, म्हणून इथली सगळी आकडेमोड त्याच दराने केली आहे. वर्षाची कमाल मर्यादा दीड लाख रुपये आहे. ती 2014 मध्ये एक लाखावरून वाढवली गेली. दीड लाखावर एका महिन्याचे व्याज होते 887 रुपये 50 पैसे आणि पूर्ण वर्षाचे 10,650 रुपये.

एक खाते, तीन तारखा

आकड्यांसाठी एक खाते धरू. नाशिकच्या एका शिक्षिकेच्या खात्यात 1 एप्रिल 2025 ला आठ लाख रुपये आहेत. वर्षभरात काही भरले नाही. 30 मार्च 2026 ला तिने दुसऱ्या बँकेतून दीड लाख पाठवले.

पहिली शक्यता अशी की रक्कम त्याच दिवशी जमा झाली. बाराही महिन्यांची सर्वांत कमी शिल्लक आठ लाखच राहिली, त्यामुळे 2025-26 चे व्याज 56,800 रुपये. 31 मार्चची शिल्लक 10,06,800.

दुसरी शक्यता, रक्कम 2 एप्रिलला जमा झाली. सरत्या वर्षाचे व्याज तेच, 56,800. 31 मार्चची शिल्लक 8,56,800 दिसते, पण दोन दिवसांनी तीच 10,06,800 होते. 5 एप्रिलच्या आत पैसे आल्यामुळे एप्रिलचे व्याजही पूर्ण रकमेवर. पुढे काहीच भरले नाही असे धरले तर 2026-27 चे व्याज दोन्ही शक्यतांत 71,482 रुपये 80 पैसे. एका पैशाचाही फरक नाही.

तिसऱ्या शक्यतेत जमा झाली 6 एप्रिलला. आता एप्रिलची मोजणी 8,56,800 वर होते आणि 2026-27 चे व्याज 887 रुपये 50 पैशांनी घटते. वर्षअखेरीच्या उशिराने व्याजाचे होणारे थेट नुकसान एवढेच.

शिक्षिकेने फक्त व्याजाची ओळ तपासली तर दुसऱ्या शक्यतेत तिला वावगे काहीच दिसणार नाही. प्रश्न उभा राहतो तो ती पुढचा हप्ता भरायला जाते तेव्हा.

हातून गेलेले वर्ष

दीड लाखाची मर्यादा आर्थिक वर्षाची असते आणि रक्कम कोणत्या वर्षाची, हे जमा झाल्याच्या तारखेवरून ठरते. 2 एप्रिलला आलेले दीड लाख 2026-27 चे झाले. 2025-26 ची मर्यादा रिकामी राहिली आणि ती मागाहून भरता येत नाही. नव्या वर्षाची मर्यादा मात्र पहिल्याच आठवड्यात संपली. शिक्षिकेने एप्रिलमध्ये किंवा पुढच्या मार्चमध्ये आणखी दीड लाख भरायचे ठरवले असेल, तर बँकेची संगणक प्रणाली ते घेणार नाही. चुकून घेतले गेले तरी मर्यादेवरच्या रकमेला व्याज नाही आणि ती परत केली जाते.

या एका हुकलेल्या वर्षाची किंमत काढता येते. दीड लाख रुपये 7.1 टक्क्यांनी दहा वर्षे राहिले तर सुमारे 2 लाख 98 हजार होतात आणि त्यांवर कर नाही. तेच पैसे बाहेर मुदत ठेवीत ठेवले, ठेवीचा दर 7 टक्के धरला आणि खातेदार 30 टक्क्यांच्या गटात असून उपकरासह 31.2 टक्के कर भरतो असे मानले, तर हातात पडतात सुमारे 2 लाख 40 हजार. तफावत साधारण 58 हजारांची. ठेवीचा दर आणि खातेदाराचा कर यांनुसार हा आकडा कमीजास्त होईल. करच लागत नसेल तर तो जवळपास नाहीसाही होईल. पण ज्यांना पीपीएफचा फायदा मुख्यतः करमुक्तीमुळे मिळतो, त्यांच्यासाठी एप्रिलच्या 887 रुपयांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे.

त्याच्या जोडीला प्राप्तिकराची वजावट येते, जी अजूनही सगळे 80सी या नावानेच ओळखतात. ती त्या वर्षात भरलेल्या रकमेवर मिळते. जुनी करप्रणाली, 30 टक्क्यांचा गट आणि वजावटीसाठी दुसरे काहीच नाही, अशा खातेदाराचे दीड लाख एप्रिलमध्ये गेले तर त्या वर्षाचा कर 46,800 रुपयांपर्यंत वाढू शकतो. वजावट पुढच्या वर्षी मिळेल हे खरे. पण जो दर वर्षी पूर्ण दीड लाख भरतो त्याची पुढच्या वर्षाची जागा तशीही भरलेलीच असती. त्याच्यासाठी ती वजावट कायमची गेली. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, त्यामुळे तिथे हा भाग गळून पडतो. पीपीएफचे व्याज मात्र दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे, म्हणून मर्यादा वाया जाण्याचे नुकसान तिथेही उरतेच.

जो दर वर्षी पाच-दहा हजारच भरतो, त्याच्या मर्यादेत भरपूर जागा असते. त्याची रक्कम 2 एप्रिलला पडली तरी फारसे बिघडत नाही. त्याने पाहायचे ते वेगळेच: सरत्या वर्षात किमान 500 रुपये जमा झाले होते का. ते झाले नसतील तर खाते खंडित ठरते. शिलकीवर व्याज मिळत राहते, पण कर्ज किंवा मधली रक्कम काढण्याची सोय बंद होते. खाते पुन्हा सुरू करायला हुकलेल्या प्रत्येक वर्षाचे 500 रुपये आणि वर 50 रुपये दंड भरावा लागतो. रक्कम किरकोळ आहे. अडचण येते ती मुलीच्या प्रवेशाच्या वेळी पैसे काढायला गेल्यावर खाते खंडित असल्याचे कळते तेव्हा.

नवे खाते उघडणाऱ्याला तर तीन दिवसांचा उशीर पूर्ण एका वर्षाला पडतो. पीपीएफची पंधरा वर्षांची मुदत खाते उघडल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत. ज्या आर्थिक वर्षात खाते उघडले ते वर्ष संपल्यापासून मोजतात. 30 मार्च 2026 ला उघडलेल्या खात्याची पंधरा वर्षे 31 मार्च 2041 ला पूर्ण होतात. तेच खाते 2 एप्रिल 2026 ला उघडले गेले, तर ती 31 मार्च 2042 ला पूर्ण होतील. फॉर्म मार्चमध्ये दिला, पण पहिल्या हप्त्याचा चेक एप्रिलमध्ये वटला, तर नेमके हेच घडते.

पैसे अडकतात कुठे

उशिराची कारणे फार गूढ नाहीत. बहुतेक वेळा ती पैसे पाठवण्याच्या मार्गात असतात.

बचत खाते आणि पीपीएफ एकाच बँकेत असले आणि नेट बँकिंगमधून रक्कम वळवली, तर ती सहसा त्याच क्षणी जमा होते. वर्षअखेरीला सगळ्यांत कमी धोक्याचा मार्ग हाच. दुसऱ्या बँकेतून एनईएफटीने पाठवलेली रक्कम अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फेऱ्यांत जाते आणि डिसेंबर 2019 पासून ही सेवा चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालते. पण पैसे समोरच्या बँकेपर्यंत पोचणे आणि पीपीएफच्या खात्यात नोंदले जाणे या दोन पायऱ्या आहेत. खातेक्रमांकात एक आकडा चुकला, किंवा पीपीएफचे जुने खाते दुसऱ्या शाखेत हलवल्यावर क्रमांक बदलला आणि पाठवणाऱ्याच्या यादीत जुनाच राहिला, तर रक्कम परत येते. एरवी माणूस ती दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवतो. 31 मार्चला त्याच्याकडे दुसरा दिवस नसतो.

चेकची गोष्ट वेगळी. चेकने भरलेल्या रकमेची जमा-तारीख म्हणजे चेक वटून पैसे सरकारी खात्यात आल्याची तारीख. चेक पेटीत टाकल्याची नव्हे. पोस्ट खाते आपल्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिते. लहान गावातल्या टपाल कार्यालयात दिलेल्या चेकला वटण्यासाठी मोठ्या कार्यालयापर्यंतचा प्रवासही करावा लागतो. ऑक्टोबर 2025 पासून चेक गठ्ठ्याने न वटवता दिवसभर सलग वटवण्याची पद्धत सुरू झाल्याने सकाळी दिलेला चेक त्याच दिवशी वटू शकतो. मात्र ही घाई चेक स्कॅन होऊन यंत्रणेत शिरल्यानंतरची आहे. पेटीतून तो काढला केव्हा जातो, हे शाखेवरच अवलंबून असते.

आणि मग सुट्या. 2026 चे कॅलेंडर उघडून पाहिले तर 28 मार्च हा चौथा शनिवार, 29 ला रविवार, 31 ला महावीर जयंती. शुक्रवारी, 27 तारखेला दुपारनंतर दिलेल्या चेकच्या वाट्याला येतो तो सोमवार, 30 मार्च, एवढा एकच खात्रीचा दिवस. पुढे 1 एप्रिलला बँकांचे वार्षिक हिशेब, म्हणून ग्राहकांसाठी व्यवहार बंद. 3 ला गुड फ्रायडे, 5 ला रविवार. म्हणजे मार्च हुकला, तर एप्रिलचे व्याज वाचवायला काउंटर उघडे असलेले दोनच दिवस उरतात: गुरुवार 2 आणि शनिवार 4. 5 तारीख रविवारी आली म्हणून मुदत 6 पर्यंत सरकत नाही. नियमात तशी सवलत नाही.

काही वर्षी रिझर्व्ह बँक सरकारी देवघेव करणाऱ्या शाखा 31 मार्चला उघड्या ठेवायला सांगते. 2024 मध्ये त्या दिवशी रविवार होता, 2025 मध्ये रमझान ईद आणि आदल्या दिवशी, रविवारी, गुढीपाडवा; दोन्ही वर्षी तसा आदेश निघाला होता. पण तो आदेश दर वर्षी वेगळा निघतो. त्याच्या भरवशावर भरणा शेवटच्या दिवसापर्यंत लांबवणे धोक्याचे आहे.

परदेशातल्या मराठी माणसांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. अनिवासी झाल्यावर नवे पीपीएफ खाते उघडता येत नाही, पण भारतात राहत असताना उघडलेले खाते मुदतीपर्यंत चालू ठेवता येते. न्यू जर्सीत 31 मार्चच्या दुपारी अडीच वाजतात तेव्हा भारतात मध्यरात्र होऊन 1 एप्रिल लागतो. तिथे जेवणाच्या सुटीनंतर केलेला भरणा भारतात पुढच्या आर्थिक वर्षाचा असतो, आणि त्यात बँकेचा दोष नसतो.

चेकची तारीख आणि ओगलेवाडीचा खटला

चेक वटण्याची तारीखच धरायची, हा योजनेचा नियम झाला. प्राप्तिकराच्या वजावटीलाही तीच तारीख लागू होते का, हा मुद्दा थोडा वेगळा आहे आणि त्याच्या मुळाशी एक मराठी कारखाना आहे.

औंध संस्थानातल्या ओगलेवाडीच्या ओगले ग्लास वर्क्सने केंद्र सरकारला कंदील पुरवले होते. पैसे चेकने, दिल्लीहून टपालाने आले. हे उत्पन्न कंपनीला कुठे मिळाले असे समजायचे, यावरून प्राप्तिकर खात्याशी वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1954 च्या निकालात न्यायालयाने एक तत्त्व सांगितले: चेक न परतता वटला, तर पैसे दिल्याची तारीख मागे जाऊन चेक हाती दिल्याच्या दिवशी पोचते. करविषयक वादांत हे तत्त्व पुढे अनेकदा आधाराला घेतले गेले.

यावरून 30 मार्चला चेक देऊन 2 एप्रिलला तो वटलेला खातेदार म्हणू शकतो की व्याजासाठी आणि मर्यादेसाठी माझी तारीख 2 एप्रिल असली, तरी वजावटीसाठी मी पैसे 30 मार्चलाच दिले. युक्तिवादात जीव आहे. व्यवहारात मात्र तो नेटाने लढवावा लागतो. नोकरी देणारी संस्था पासबुकाची प्रत मागते आणि तिच्यावर एप्रिलची तारीख असते. शिवाय योजनेचा स्वतःचा नियम वटण्याच्या तारखेच्या बाजूने असल्याने, वजावटीसाठी मागचे वर्ष आणि मर्यादेसाठी पुढचे, अशी विभागणी अधिकाऱ्याला पटवून द्यावी लागते. चेक दिल्याची शिक्का मारलेली पावती नसेल तर बोलायला आधारच उरत नाही.

चूक कोणाची, आणि ती कशी ओळखायची

प्रत्येक उशीर बँकेची चूक नसतो, आणि प्रत्येक उशीर निमूट सोसण्यासारखाही नसतो. दोन्हींतला फरक कागदावर दिसतो. पैसे निघाल्याची वेळ पाठवणाऱ्या बँकेच्या उताऱ्यात असते आणि तिथेच यूटीआर नावाचा व्यवहार क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून रक्कम समोरच्या बँकेत कोणत्या दिवशी, किती वाजता पोचली, हे शोधता येते. ती 30 मार्चला पोचली होती आणि पीपीएफ खात्यात 2 एप्रिलला नोंदली गेली, तर उशीर शाखेचा आहे. अशा वेळी नुकसानभरपाई मागण्याआधी लेखी मागणी करावी ती नोंदीची मूल्यतारीख, म्हणजे व्हॅल्यू डेट, दुरुस्त करून 30 मार्च करण्याची. तारीख दुरुस्त झाली की मर्यादा, किमान भरणा, वजावट आणि व्याज सगळेच जागेवर येते.

मूल्यतारखेचा आग्रह धरायचे कारण ठोस आहे. एनईएफटीची रक्कम उशिरा जमा केल्याबद्दल बँकेने ग्राहकाला रेपो दरावर 2 टक्के जादा व्याज द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो एकूण दर 8 टक्के धरला तरी दीड लाखावर तीन दिवसांची भरपाई होते जेमतेम 99 रुपये. हुकलेले वर्ष त्यातून भरून निघत नाही.

शाखेने दाद दिली नाही तर बँकेच्या तक्रार कक्षाकडे जावे, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवता येते. पोस्टातल्या खात्यासाठी टपाल खात्याची स्वतःची तक्रार व्यवस्था आहे. दोन्हीकडे लागतात त्याच गोष्टी: यूटीआर किंवा चेक दिल्याची पावती, दोन्ही खात्यांचे उतारे आणि शाखेला लिहिलेल्या पत्राची पोच.

रक्कम 31 मार्चच्या रात्री उशिरा पाठवली आणि पुढच्या फेरीत 1 एप्रिलला पोचली, किंवा चेक नेहमीच्या वेळेत वटला पण मधे सुट्या आल्या, तर तारीख मागे नेण्याची मागणी बहुधा टिकत नाही.

व्याजाची ओळ घरीही तपासता येते. प्रत्येक महिन्याच्या 5 तारखेनंतरची सर्वांत कमी शिल्लक एका रकान्यात लिहायची, बारा आकड्यांची बेरीज करायची, तिला 7.1 ने गुणून 1,200 ने भागायचे. वर्षात दर बदलला असेल तर त्या-त्या महिन्यांचा हिशेब वेगळा. उत्तर पासबुकाशी जुळले नाही, तर फरकाकडे पाहावे. दर महिन्याला 12,500 रुपये भरणाऱ्याच्या व्याजात 73 रुपये 96 पैशांची तूट दिसली, तर एका हप्त्याचे एका महिन्याचे व्याज गेले आहे. कोणता तरी हप्ता 5 च्या ऐवजी 6 ला पडला असणार. स्वयंचलित हप्त्याची तारीख 5 ठेवणाऱ्यांच्या बाबतीत हे सुटीच्या महिन्यांत घडते. ती 1 किंवा 2 ठेवली की मधली सुटी सोसायला जागा राहते.

एका गोष्टीची काळजी मात्र करू नये. व्याजाची स्वतःची नोंद एप्रिलच्या पहिल्या काही दिवसांत पासबुकात दिसली नाही, तर त्याने काही बुडत नाही. ती 31 मार्चच्या तारखेनेच पडते आणि पुढच्या मोजणीत धरली जाते.

हाच पाच तारखेचा नियम सुकन्या समृद्धी खात्यालाही लागू आहे. तिथेही कमाल मर्यादा दीड लाखाची. किमान भरणा तेवढा 250 रुपयांचा.

एकदाच सरकलेली मुदत

31 मार्चची ही रेघ सरकारने सगळ्यांसाठी एकदा पुढे नेली, ती कोविडच्या टाळेबंदीत. 2019-20 चा भरणा करायला आधी 30 जून 2020 आणि मग 31 जुलै 2020 पर्यंत मुभा मिळाली. म्हणजे भरणा एका वर्षात आणि गणना दुसऱ्या वर्षात, हे यंत्रणेला जमते. त्यासाठी वरून आदेश लागतो. एका खातेदाराच्या एका चेकसाठी तसा आदेश निघत नाही.

म्हणून मार्च हुकला तर काय करायचे, हे तारखेवरच ठरते. पैसे अजून पाठवले नसतील तर 5 एप्रिलच्या आत नव्या वर्षाचा भरणा म्हणून भरून टाकणे हिताचे. बाराही महिन्यांचे व्याज मिळते. ही सवय लागली तर लांब पल्ल्यात तिचा फरक मोठा पडतो. दर वर्षी दीड लाखाचे पंधरा हप्ते एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत भरले, तर पंधराव्या वर्षाच्या शेवटी सुमारे 40 लाख 68 हजार होतात. तेच हप्ते दर वर्षी मार्चच्या अखेरीस भरले तर सुमारे 37 लाख 98 हजार. 2 लाख 70 हजारांचा हा फरक एकही रुपया उशिरा जमा न होता पडतो.

आणि ज्यांच्या हाती पैसे मार्चमध्येच येतात, बोनसचे, उसाच्या बिलाचे किंवा थकबाकीचे, त्यांच्यासाठी बँका आणि पोस्ट दोन गोष्टी आजही करू शकतात. वर्षअखेरीला चेक आणि बाहेरून येणाऱ्या रकमा कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत घेतल्या तर त्याच वर्षात धरल्या जातील, याची सूचना 15 मार्चच्या आत शाखेत लावावी. आणि भरणा स्वीकारतानाच पावतीवर छापावे की ही रक्कम कोणत्या आर्थिक वर्षाच्या मर्यादेत मोजली जाणार आहे. खातेदाराला ते 30 मार्चलाच कळले, तर चेक परत घेऊन नेट बँकिंगने भरायला त्याच्या हाती एक दिवस तरी असतो.